झग्याखालचं पोलाद

फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी आणि तिच्या मानकरणी यांचं एक भलं मोठं चित्र विंटरहाल्टर या चित्रकाराने १८५५ साली रंगवलं. झाडांच्या सावलीत त्या सगळ्याजणी बसल्या आहेत आणि चित्रात माणसांपेक्षा कापडच जास्त दिसतं. कमरेपासून निघालेला प्रत्येकीचा झगा जमिनीवर असा पसरलाय की शेजारणीच्या झग्यात तो नेमका कुठे मिसळतो ते कळत नाही. हे चित्र पाहिलं की वाटतं, झग्याखाली पोलादाचा तो प्रसिद्ध पिंजरा असणार. पण तो अजून बाजारात यायचा होता. हा सगळा घेर एकावर एक चढवलेल्या परकरांवर उभा होता. त्यातले काही खळ घालून कडक केलेले, काही दोरी घालून शिवलेले आणि एखादा घोड्याच्या केसांच्या जाड्याभरड्या विणीचा. पाच-सहा परकरांचं ओझं कमरेवर टांगून आणि पायांत घोटाळणारं कापड सांभाळत त्या काळच्या बायका चालत होत्या.

घेराची हौस आधी आली आणि त्याला पेलणारं यंत्र मागून आलं. १८५६ च्या वसंतात पॅरिसमध्ये मिलिए नावाच्या गृहस्थाने पोलादी कड्यांच्या परकराचं पेटंट घेतलं आणि काही महिन्यांतच ते इंग्लंडमध्येही नोंदवलं गेलं. रचना अगदी साधी होती. पोलादाची चपटी, लवचीक पट्टी सुती धाग्याने गुंडाळायची, तिची गोल कडी करायची आणि खाली मोठी, वर लहान अशा क्रमाने या कड्या कापडी फितींना अडकवायच्या. फितींची वरची टोकं कमरपट्ट्याला शिवायची. कमरेजवळच्या भागात पुढून उघड ठेवायची, म्हणजे आत शिरता येतं. कोंबड्या झाकायचं डालगं कमरेला बांधावं तशी ही वस्तू दिसे. वजनाने ती एक किलोलाही भरत नसे आणि दाबली तर पसरट होऊन पुन्हा मूळ आकारात येई. घोड्याच्या केसांच्या परकराला असलेलं क्रिनोलिन हे नाव या पिंजऱ्यालाही चिकटलं.

आज क्रिनोलिन म्हटलं की बाईला पिंजऱ्यात कोंडल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. ते घालणाऱ्यांचा अनुभव बराच वेगळा होता. पाच-सहा परकरांच्या जागी एक सांगाडा आणि वर एखादा परकर, एवढ्यावर भागू लागलं. पाय मोकळे झाले, कमरेवरचं ओझं उतरलं, उन्हाळ्यात आत हवा खेळू लागली. अमेरिकेत अमेलिया ब्लूमर हिने १८५१ पासून आखूड झगा आणि त्याखाली सैल विजार या सुटसुटीत पोशाखाचा पुरस्कार केला होता आणि त्यापायी भरपूर टवाळीही सोसली होती. त्याच ब्लूमरबाईंनी दशक संपता संपता तो पोशाख सोडून दिला. हलक्या क्रिनोलिनमुळे जड परकरांची मूळ तक्रारच मिटली, असं कारण त्यांनी दिलं. पोशाख-सुधारणेच्या चळवळीतल्या एका प्रमुख बाईने दिलेली ही साक्ष आहे आणि क्रिनोलिनबद्दल बोलताना ती विसरली जाऊ नये.

कड्या घालून झगा फुगवण्याची युक्ती काही नवी नव्हती. स्पेनच्या दरबारात पंधराव्या शतकातच वेताच्या किंवा लवचीक फांद्यांच्या कड्या झग्यात आल्या होत्या. अरागॉनची कॅथरीन १५०१ साली लग्नासाठी इंग्लंडला आली, तेव्हा तिच्या लवाजम्यातल्या बायकांचे असे झगे पाहून लंडनकर चकित झाले. अठराव्या शतकात कड्या दोन्ही बाजूंना सरकल्या. पुढून-मागून चपटा आणि आडवा मात्र दीड-दोन मीटर रुंद, असा तो दरबारी झगा असे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असे झगे आहेत. समोरचं रुंद कापड म्हणजे चांदी-रेशमाच्या भरतकामाची जणू प्रदर्शनाची भिंतच. ते घालणाऱ्या बाईला दारातून आडवं होऊनच जावं लागे. इंग्लंडच्या दरबारात हा नियम इतका घट्ट बसला होता की बाहेर फॅशन बदलून कंबर छातीखाली गेली, झगे सरळ पडू लागले, तरी दरबारात जाणाऱ्या बाईला त्या उंच कमरेखालीही कड्या बांधाव्या लागत. चौथ्या जॉर्ज राजाने १८२० साली ही सक्ती उठवली.

या जुन्या कड्या आणि १८५६ चं क्रिनोलिन यांत एक मोठा फरक होता. रुंद दरबारी झगा ज्यांच्याकडे पालखी, गाडी, दासी आणि रुंद दारांचं घर होतं त्यांचाच होता. पोलादी क्रिनोलिन कारखान्यात बनलं. पोलाद स्वस्त होत होतं, शिवणयंत्र आलं होतं आणि वर्तमानपत्रांतून जाहिराती येत होत्या. सम्राज्ञीने घातलेली आकृती दोन-तीन वर्षांत तिच्या मोलकरणीच्या मोलकरणीपर्यंत पोहोचली. कोर्टोल्ड या इंग्लंडमधल्या कापड कंपनीने १८६० साली आपल्या कामगार स्त्रियांना क्रिनोलिन घरी ठेवून कामाला या, अशी सूचना काढली. यंत्रांच्या पट्ट्यांमध्ये झगा अडकण्याची भीती खरीच होती. पण अशी सूचना काढावी लागली याचाच अर्थ गिरणीतल्या पोरी क्रिनोलिन घालून कामाला येत होत्या.

‘पंच’ या लंडनच्या साप्ताहिकातली व्यंगचित्रं या पार्श्वभूमीवर बघायला हवीत. क्रिनोलिनवर त्यांनी वर्षानुवर्षं तोंडसुख घेतलं. घोडागाडीत एकच बाई मावते, नवऱ्याला हात धरायला वाव राहत नाही, मोलकरीण जाता जाता टेबलावरची भांडी पाडते, अशी ती चित्रं. त्यातला घेर अतिशयोक्त असे. संग्रहालयांत उरलेल्या रोजच्या वापराच्या क्रिनोलिनांचा तळाचा घेर साधारण तीन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे आरपार एक मीटर. व्यंगचित्रांत तो सहज दुप्पट होई. चित्रांतला राग नीट पाहिला तर तो दोन गोष्टींवरचा दिसतो. बाईने रस्त्यावर, चर्चमध्ये, गाडीत पूर्वीपेक्षा जास्त जागा घेतली ही एक गोष्ट. आणि मालकीण कोण, मोलकरीण कोण हे लांबून ओळखता येईना, ही दुसरी. आरोग्याची काळजी करणारी चित्रं त्यांत फारच थोडी.

खरा धोका वेगळाच होता. तो आगीचा.

त्या काळच्या घरांत उघडी शेकोटी, मेणबत्त्या आणि गॅसचे दिवे असत. झगे मलमलीचे, जाळीचे, पातळ सुती कापडाचे. क्रिनोलिनमुळे झग्याची कड पायांपासून अर्धा मीटर दूर गेली आणि आपली कड कुठे लागतेय हे बाईला कळेनासं झालं. ठिणगी पडली की खालून मोकळी हवा भरपूर मिळे आणि झग्याच्या आतली पोकळी धुराड्याचं काम करी. अंगावर ब्लँकेट टाकून आग दाबावी तर पोलादाच्या कड्या कापडाला अंगापासून दूर धरून ठेवत, त्यामुळे ज्वाला दबत नसे. जमिनीवर लोळणंही अवघड. अंगावरून सांगाडा काढायचा तर आधी वरचा झगा, मग परकर, मग कमरपट्ट्याची गाठ. तेवढा वेळ नसे.

अमेरिकन कवी लाँगफेलो यांच्या पत्नी फॅनी १८६१ च्या जुलैमध्ये घरातच पेटल्या. अंगावर हलका उन्हाळी पोशाख होता. लाँगफेलोंनी सतरंजी गुंडाळून, स्वतः भाजून घेऊन आग विझवली, पण दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. लाँगफेलोंच्या चेहऱ्यावर भाजल्याचे व्रण राहिले आणि पुढच्या सगळ्या छायाचित्रांत दिसणारी त्यांची दाढी त्यामुळेच वाढलेली आहे. चिलीची राजधानी सान्तियागो इथल्या चर्चमध्ये ८ डिसेंबर १८६३ च्या संध्याकाळी सणानिमित्त मेणबत्त्या आणि दिवे लावले होते. आग लागली तेव्हा चर्च बायकांनी खचाखच भरलेलं होतं. दोन हजारांहून जास्त माणसं मेली आणि त्यांत बहुतेक बायकाच होत्या. दारांशी झग्यांचे घेर एकमेकांत अडकले, पडलेल्यांवर मागच्या पडल्या आणि वाट बंद झाली, असं त्या वेळच्या वृत्तांतांत आहे.

यावर उपाय शोधलेही गेले. व्हर्समान आणि ऑपेनहाइम या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १८५९ च्या सुमारास अनेक क्षार कापडावर लावून पाहिले आणि सोडियम टंगस्टेट सर्वांत चांगलं ठरवलं. ते खळीच्या पाण्यात मिसळायचं, कापड त्यात बुडवून वाळवायचं आणि इस्त्री करायची. असं कापड काळं पडतं, पण भडकत नाही. मात्र पहिल्याच धुण्यात क्षार निघून जातो, त्यामुळे प्रत्येक वेळी तो पुन्हा घालावा लागे. राजवाड्याच्या धोबीघरात हे जमलं. साध्या घरात एक जास्तीचा खर्च आणि एक जास्तीचं काम एवढंच त्याचं रूप होतं, आणि ते फारसं कुणी केलं नाही.

क्रिनोलिनने आणखी एक गोष्ट घडवली आणि ती टिकली. सांगाडा वाऱ्याने किंवा वाकल्यावर एका बाजूला उचलला जाई आणि आतलं सगळं दिसे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णसेवेवरच्या आपल्या पुस्तकात परिचारिकांच्या क्रिनोलिनवर टीका केली ती याच कारणाने आणि त्याच्या सळसळीने रोग्याला होणाऱ्या त्रासाने. तोवर इंग्लंडमध्ये झग्याखाली विजार घालणं सार्वत्रिक नव्हतं. क्रिनोलिनच्या दहा-बारा वर्षांत ते झालं आणि झगे पुन्हा अरुंद झाल्यावरही गेलं नाही.

घेराच्या वर होती कंबर, आणि कंबर म्हणजे कॉर्सेट. क्रिनोलिन बारा वर्षांत आलं आणि गेलं, पण कॉर्सेट आणि त्याच्या आधीच्या चोळ्या मिळून साडेतीनशे वर्षं टिकल्या. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या चोळ्यांना ताठपणा यायचा तो कापडाच्या बारीक घड्यांत सरकवलेल्या पट्ट्यांमुळे. त्या बहुधा देवमाशाच्या जबड्यातल्या झालरीच्या असत. तिला देवमाशाचं हाड म्हणत, पण ते हाड नव्हे. आपली नखं ज्या द्रव्याची असतात त्याचीच ती असते. हवी तितकी बारीक चिरता येते, गरम करून वळवली तर गार झाल्यावर तसाच आकार धरते आणि अंगाच्या उबेने थोडी नरम पडते. छातीच्या मध्यावर लाकडाची किंवा हस्तिदंताची एक रुंद पट्टी असे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या १६०३ सालच्या अंत्ययात्रेतल्या पुतळ्याला घातलेली अशी चोळी अजून टिकून आहे. या चोळीतून कंबर बारीक दिसण्यापेक्षा धड सुळक्यासारखं सरळ आणि पाठ ताठ दिसणं महत्त्वाचं होतं. ताठ पाठ हीच कुलीनतेची खूण. म्हणून लहान मुलींनाही ती घालत.

एकोणिसाव्या शतकात कॉर्सेट बदललं ते दोन लहान गोष्टींनी. पहिली, नाडी ओवायच्या भोकांना धातूच्या कड्या आल्या. आधी ती भोकं नुसत्या दोऱ्याने विणलेली असत आणि जोरात ओढलं की फाटत. दुसरी, समोरची ताठ पट्टी दोन भागांत करून तिला धातूची बटणं आणि खाचा बसवल्या. पाठीची नाडी सैल करायची, समोर बटणं लावायची, मग मागे हात नेऊन कमरेपाशी सोडलेले नाडीचे दोन फास ओढायचे. या मांडणीमुळे बाईला कॉर्सेट घालायला दुसऱ्या बाईची गरज उरली नाही. खाटेचा खांब धरून उभी राहिलेली मालकीण आणि पाठीत पाय रोवून नाडी ओढणारी दासी हे चित्र व्यंगचित्रकारांनी पुष्कळ रंगवलं, पण शतकाच्या मध्यापर्यंत रोजच्या जगण्यात त्याची गरज संपली होती.

मग कंबर किती बारीक असे? पोशाखाच्या इतिहासात एवढ्या दंतकथा दुसऱ्या कशाबद्दल नाहीत. १८६० च्या दशकात ‘इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझिन’मध्ये कंबर आवळण्यावर पत्रांचा पाऊस पडला. सोळा इंच, पंधरा इंच, शाळेत सक्तीने आवळलेल्या मुली असे दावे त्यांत आहेत. कित्येक पत्रं निनावी आहेत आणि काहींचा सूर पाहता ती कल्पनारंजन वाटतात. त्यापेक्षा प्रत्यक्ष वस्तू मोजणं बरं. लीस्टरशायरमधल्या मार्केट हार्बरो गावी सिमिंग्टन यांचा कॉर्सेटचा कारखाना होता आणि त्यांचा संग्रह आता सार्वजनिक संग्रहालयात आहे. पोशाखाच्या अभ्यासक व्हॅलरी स्टील यांनी त्यातल्या दोनशेच्या जवळपास कॉर्सेटांची मापं दिली आहेत. अठरा इंचांचं फक्त एक निघालं आणि बहुतेक वीस ते सव्वीस इंचांत बसली. शिवाय हे माप पूर्ण मिटलेल्या कॉर्सेटचं असतं. वापरताना पाठीच्या दोन कडांत दोन-तीन इंचांची फट ठेवत, म्हणजे अंगावरची कंबर त्याहून तेवढी जास्त. बरगड्या काढून घेण्याच्या शस्त्रक्रियेची गोष्ट तर निव्वळ भाकड. जंतुनाशन आणि भूल यांची नुकती सुरुवात असलेल्या त्या काळात ती जीवघेणीच ठरली असती, आणि तिचा कसलाच पुरावा नाही.

कंबर बारीक दिसे ती मुख्यतः घेराच्या तुलनेत. तीन मीटरच्या घेरावर आणि फुगीर बाह्यांखाली चोवीस इंचांची कंबरसुद्धा मुठीत मावेलशी दिसते. त्या काळचे शिंपी हे पक्कं ओळखून होते. त्यांचं कसब आवळण्यापेक्षा प्रमाण साधण्यात जास्त होतं.

याचा अर्थ कॉर्सेट निरुपद्रवी होतं असा मात्र नाही. पोटाची भिंत बाहेरून दाबली गेली की श्वास वरच्या छातीने घ्यावा लागतो. बसून शिवणकाम करताना ते चालून जातं, नाचताना किंवा जिना चढताना धाप लागते आणि भोवळ येते. लहानपणापासून वर्षानुवर्षं घट्ट बांधलं तर खालच्या बरगड्या आत वळतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ झॉमरिंग यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस याचं चित्र काढून प्रसिद्ध केलं होतं. पाठीचे स्नायू बाहेरच्या आधाराला सोकावतात, मग कॉर्सेट काढलं की पाठ दुखते आणि बाईला वाटतं, याच्यावाचून आपल्याला उभंच राहता येत नाही. डॉक्टरांनी मात्र क्षयापासून कुरूप मुलांपर्यंत जे जे त्याच्या माथी मारलं, त्यातलं पुष्कळसं टिकणारं नव्हतं.

अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ साली लिहिलं की कॉर्सेट बाईला कामासाठी निकामी करतं आणि तसं दिसणं हाच त्याचा उद्देश असतो, कारण निकामी बायको म्हणजे नवऱ्याच्या श्रीमंतीचा पुरावा. श्रीमंत घरांबद्दल हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण सिमिंग्टनच्याच कारखान्यात ‘प्रिटी हाउसमेड’ नावाचं कॉर्सेट बनत होतं, खास घरकाम करणाऱ्या मोलकरणींसाठी. ते स्वस्त आणि दणकट असल्याची जाहिरात होती. महागड्या पट्ट्यांऐवजी त्यात बहुतेक ठिकाणी शिवून बसवलेल्या दोऱ्या होत्या, म्हणजे वाकताना काही मोडत नसे आणि टोचत नसे. पहाटे उठून शेकोट्या साफ करणारी, बादल्या वाहणारी पोर हे घालून काम करत होती. तिच्यासाठी ते निकामी असल्याचं चिन्ह नव्हतंच. कॉर्सेटशिवाय बाहेर पडणारी बाई सैल चालीची, अशी समजूत होती आणि नोकरी टिकवायची तर ती समजूत पाळणं भाग होतं. माझ्या मते कॉर्सेटचा सामाजिक अर्थ श्रीमंतीपेक्षा या अब्रूच्या धाकात जास्त दिसतो.

१८६० च्या दशकाच्या मध्यापासून क्रिनोलिन पुढून चपटं होत गेलं आणि सगळा घेर मागे सरकला. दशक संपताना पुढच्या कड्या नाहीशा झाल्या आणि कमरेच्या मागे एक उंचवटा उरला. तोच बसल. कधी घोड्याच्या केसांची उशी, कधी झालरींची चळत, कधी पोलादाच्या अर्ध्या कड्यांची पडवी. अर्ध्या कड्यांची टोकं आतून फितींनी ओढून बांधत, म्हणजे त्या कमानीसारख्या ताणून राहत. १८७० च्या दशकाच्या अखेरीस बसल जवळजवळ गेला, पण सुटका झाली नाही. कॉर्सेट नितंबांपर्यंत लांबलं आणि झगा गुडघ्यांमागे आतल्या फितींनी असा बांधला गेला की पाऊल वितभरच पडे.

१८८३ च्या सुमारास बसल परतला तो पूर्वीपेक्षा टोकदार होऊन. पाठीतून काटकोनात एखादी फळी निघावी तसा तो दिसे. चित्रकार स्यूरा यांच्या पॅरिसजवळच्या बेटावरच्या रविवारच्या प्रसिद्ध चित्रात उजवीकडे छत्री घेऊन उभी असलेली बाई याच आकृतीची आहे. हे घेऊन बसायचं कसं, हा प्रश्न तेव्हाच्या बायकांनाही होताच. नटी लिली लँगट्री हिच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बसलमध्ये पोलादाच्या अर्ध्या कड्या दोन्ही बाजूंना एकेका खिळीवर फिरत. बाई बसली की त्या वर मिटत आणि उठली की स्प्रिंगने खाली येत. ज्यांच्याकडे असं काही नसे त्या खुर्चीच्या कडेवर तिरक्या बसत आणि सांगाडा एका बाजूला सरकवत.

विरोध संघटित झाला तो याच काळात. लंडनमध्ये १८८१ साली लेडी हार्बर्टन आणि इतरांनी ‘रॅशनल ड्रेस सोसायटी’ काढली. बाईच्या आतल्या कपड्यांचं वजन, बूट सोडून, सात पौंडांपेक्षा जास्त असू नये, असं त्यांनी ठरवलं. सात पौंड म्हणजे सव्वातीन किलो. सुधारकांना मान्य असलेली ही कमाल मर्यादा, यावरून प्रत्यक्षात किती ओझं चालत होतं ते समजावं.

१८९० पर्यंत बसल गेला. कॉर्सेट अजून राहिलं आणि १९०० च्या सुमारास त्याचं नवं रूप आलं, तेही एका डॉक्टरीणबाईच्या हातून. फ्रान्सच्या इनेस गाश-सारोत यांनी पोटावरचा दाब कमी व्हावा म्हणून समोरून सरळ असलेलं कॉर्सेट आखलं. उत्पादकांनी ते घेतलं, कमरेला पूर्वीसारखंच आवळलं आणि आरोग्यदायी म्हणून विकलं. सरळ पट्टीमुळे छाती पुढे आणि कंबर मागे ढकलली गेली आणि पाठीचा कणा पूर्वीपेक्षाही वाकला. १९०६ नंतर पोल प्वारे यांच्या उंच कमरेच्या, सरळ झग्यांनी ही आकृती मोडली. पण त्याच प्वारेंनी काही वर्षांतच घोट्यांपाशी इतका अरुंद झगा आणला की तो घालून गाडीची पायरी चढता येईना. सिमिंग्टनच्या कारखान्याने १९०८ साली लहान मुलांसाठी कापडी ‘लिबर्टी बॉडिस’ काढली. तिच्यात पोलादही नव्हतं आणि देवमाशाची झालरही. मऊ विणीवर शिवलेल्या पट्ट्या आणि मोजे लटकवायला बटणं, एवढंच. ज्या मुली कॉर्सेट न घालता वाढल्या त्यांची एक पिढी अशा साध्या कपड्यात तयार झाली आणि १९२० च्या दशकात कमरेला नाडी बांधायची वेळ आली, तेव्हा त्यांतल्या पुष्कळजणींनी ती बांधलीच नाही.